नव्व्याण्णववर अडकलेली वेळ

दादाला गेमच्या कार्ट्रिजवर फुंकर मारलेली अजिबात चालायची नाही. "थुंकी उडते गं, पट्ट्यांना गंज चढतो. खोडरबर घे." चाळिशी उलटलेला माणूस, हातात चहाचा कप धरता येत नाही, पण माझ्यावर डाफरायची हौस तशीच. मी खोडरबर घेऊन कार्ट्रिजच्या पट्ट्या घासत बसले. आमचा जुना व्हिडिओ गेम त्या दिवशी कित्येक वर्षांनी माळ्यावरून खाली उतरला होता. खालच्या गल्लीतल्या रिपेअरवाल्याकडून नवा अडॅप्टर बसवून आणला, पिवळी वायर टीव्हीच्या मागे खुपसली, आणि आमच्या मुलुंडच्या घरातल्या हॉलमध्ये लहानपणचा ट्यँव ट्यँव आवाज सुरू झाला. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आता हे आणि कशाला?"

कशाला, ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. दादाला मोटर न्यूरॉनचा आजार झाला होता. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचवणाऱ्या पेशीच एकेक करून मरतात, आणि त्यावर औषध नाही. आधी शर्टाची बटणं गेली, मग सही, मग ऑफिस. मी अंधेरीची भाड्याची खोली सोडून घरी परत आले. डॉक्टरांनी सांगितलं होतं की श्वासाचे स्नायू थकत चाललेत, थोड्याच दिवसांत ठरवावं लागेल. गळ्याला भोक पाडून कायमचं मशीन लावायचं, की नाही लावायचं. मला वाटत होतं लावायचं. आईला तर त्यात विचारण्यासारखं काही आहे हेच पटत नव्हतं. दादा मात्र उत्तर देत नव्हता. फार मागे लागले तेव्हा म्हणाला, "आधी बुरूज. मग सांगतो."

बुरूज म्हणजे त्या खेळातली शेवटची पातळी. पाठीवर पिशवी घेतलेला एक बुटका माणूस बर्फातून, खाणीतून, जहाजावरून उड्या मारत शेवटी एका उंच बुरुजावर चढतो. वरच्या दारापर्यंत दादा लहानपणी कधीच पोचला नव्हता. मग मावशीच्या यजमानांनी मस्कतहून एक चीट कार्ट्रिज, म्हणजे खेळाला फसवणारा डबा, आणून दिला, आणि आमच्या बिल्डिंगमध्ये दादाचा भाव एकदम वाढला. खेळाचं कार्ट्रिज या डब्यात खोचायचं, डबा कन्सोलमध्ये खोचायचा. डब्याच्या बाजूला एक कळ. कळ वर असली की कोड चालू, खाली असली की बंद, आणि मधे ठेवली की शोध.

तो शोध दादाचा खरा खेळ होता. मला तेव्हा त्याने समजावलं होतं की कन्सोलच्या आत हजारो खण असतात, आणि प्रत्येक खणात एक आकडा. तुझे किती जीव उरले, हा आकडा त्यातल्याच एका खणात आहे. कुठल्या, ते आपल्याला माहीत नाही. मग डब्याला सांगायचं, आत्ता तीन आकडा असलेले सगळे खण धरून ठेव. ढिगाने निघायचे. "आता मर," दादा म्हणायचा. मी बुटक्याला खड्ड्यात घालायचे. आता जीव दोन. धरलेल्यांपैकी कुठल्या कुठल्या खणांत तिनाचा दोन झाला? थोडे उरायचे. "अजून एकदा मर." असं करत करत एकच खण हाती लागायचा. त्याचा पत्ता आणि त्यात ठेवायचा आकडा, हे दोन मिळून झाला कोड. आमच्या घरात मरायचं काम कायम माझ्याकडे असायचं.

आता पुन्हा तेच सुरू झालं. फरक इतकाच की डब्याची बटणं मी दाबायची आणि हुकूम त्याने सोडायचे. सुरुवातीला त्याने कोड लावायला साफ नकार दिला. "मला हाताने खेळायचंय." उशीवर पॅड ठेवून, दोन्ही अंगठे वर मांडून तो खेळायचा, आणि बर्फातच मरायचा. आठवडाभर मी गप्प बसले, ही माझ्या स्वभावाच्या मानाने कमालच म्हणायची. मग त्यानेच म्हटलं, "जीव शोधूया." जीवांचा खण मिळाला, तिनाचे दोन होईनात. पुढे ताकदीची पट्टीही रिकामी होईना. तरी तो खाणीत, जहाजात पडायचा, उठायचा, पुन्हा पडायचा. तेवढ्यात उजवा अंगठा गेला. मग उडीचं बटण माझ्याकडे आलं. तो डाव्या अंगठ्याने बुटक्याला चालवायचा आणि म्हणायचा, "उडी." काही दिवसांनी नुसतं "उ." मग तेही जमेना, घशातून "हं" यायचं. त्याचं ते "हं" मला बरोबर कळायचं. आईला कळायचं नाही, आणि तिला त्याचं फार वाईट वाटायचं.

बुरुजावर मात्र आमची वाट लागली. जीव संपत नव्हते, ताकद संपत नव्हती, पण वरच्या कोपऱ्यातली वेळ संपायची. त्याचा अंगठा इतका हळू झाला होता की अर्ध्या बुरुजावरच आकडा शून्यावर यायचा आणि बुटका पुन्हा तळाशी. असे किती दिवस गेले ते मी मोजले नाहीत. मला चीड यायची. खेळाची, डॉक्टरांची, त्या बुटक्याची, आणि शेजारच्या काकूंची, ज्या येऊन म्हणायच्या की गेम खेळतोय म्हणजे बरा दिसतोय.

एका दुपारी मीच म्हटलं, "दादा, वेळ शोधूया ना." त्याने कोपऱ्यातल्या आकड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग भुवया उचलल्या. हो म्हणायची ती त्याची नवी पद्धत होती.

वेळेचा खण शोधायला मरावंही लागत नाही. ती आपली आपण कमी होतच असते. थोडं थांबायचं, डब्याला विचारायचं, मघापेक्षा कमी झालेले खण कुठले? पुन्हा थांबायचं, पुन्हा विचारायचं. बघता बघता एकच खण उरला. मी त्यात नव्व्याण्णव टाकलं आणि कळ वर सरकवली. कोपऱ्यातला आकडा नव्व्याण्णववर उभा राहिला. खरं तर तो उभा नसतो. खेळ वेळ कमी करतच असतो, पण पडद्यावरचं चित्र जितक्या वेळा नव्याने काढलं जातं, तितक्या वेळा डबा त्या खणात पुन्हा नव्व्याण्णव लिहून जातो. एका सेकंदात पन्नास वेळा. कमी झालेलं आपल्याला दिसेपर्यंत भरून निघालेलं असतं.

मला इतका आनंद झाला की मी आईला हाक मारली. ती हात पुसत येऊन बसली. त्या दुपारी दादा बुरूज चढला. एकेक पायरी, "हं", माझी उडी, पुन्हा "हं". तो घामाने भिजला होता. मी म्हणत होते, "झकास रे, झकास." दार आलं. बुटका दारासमोर उभा राहिला, वाजंत्री वाजली आणि पडद्यावर हिशेब सुरू झाला. उरलेली वेळ एकेक करून कमी करायची, त्याचे गुण द्यायचे, वेळ शून्य झाली की दार उघडायचं. प्रत्येक पातळीच्या शेवटी हे व्हायचंच.

पण वेळ कमी होईना. खेळ एक काढून घ्यायचा, डबा तो परत ठेवायचा. गुण मात्र धडाधड वाढत गेले, इतके की नऊ नऊ नऊ होऊन तेही थांबले. बुटका दारासमोर उभा. टक् टक् टक् असा आवाज चालूच. दार बंद.

"जिंकला ना?" आईने विचारलं.

"हो."

"मग हे काय चाललंय?"

मी दादाकडे पाहिलं. तो पडद्याकडे बघतच नव्हता, माझ्याकडे बघत होता. आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "तुला माहीत होतं असं होणार म्हणून?"

त्याने भुवया उचलल्या. माहीत असणारच. कोडांतला दादा होता तो बिल्डिंगचा.

मग त्याने बोलायचा प्रयत्न केला. बऱ्याच दिवसांत तो इतकं बोलला नव्हता. शब्द चिखलातून ओढल्यासारखे येत होते. मी कान त्याच्या तोंडाशी नेला. "मशीन," तो म्हणाला. मग दम घेतला. "असंच." मग नजर पडद्याकडे वळवली, त्या टक् टक् करत उभ्या असलेल्या बुटक्याकडे, आणि परत माझ्याकडे. "बंद कर."

"काय म्हणतोय तो?" आई म्हणाली.

मला त्याच्यावर भयंकर राग आला. हे सांगायला त्याने मला बुरूज चढायला लावला होता. मी म्हटलं, "नाही करणार, जा." आणि ढसाढसा रडले, आईसमोर, भर दुपारी. तो वाट बघत राहिला. टक् टक् टक्. मी नाक पुसलं आणि कळ खाली सरकवली.

वेळ भराभर उतरली आणि शून्य झाली. दार उघडलं. बुटका आत गेला, चुकीच्या इंग्रजीत आभार मानणाऱ्या दोन ओळी आल्या, आणि गुणांच्या यादीत सगळ्यात वर नाव घालायला तीन जागा उघडल्या. दादाच्या अंगठ्यात आता त्राण नव्हतं, म्हणून त्याच्या नावाची तीन अक्षरं मी घातली. आईला मी काय सांगायचं ते सांगितलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली. कुकर लावायची वेळ नव्हती, तरी तिने लावला.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं तेव्हा दादाचं "नको" मीच मोठ्याने म्हटलं. त्यांनी त्याच्याकडे पाहून पुन्हा विचारलं, "नको ना?" त्याने भुवया उचलल्या.

बुरूज चढल्या दिवसापासून मी कन्सोल बंद केला नव्हता. टीव्ही बंद करायचे, कन्सोलचा लाल दिवा चालू ठेवायचे. त्या खेळात काही साठवून ठेवायची सोय नव्हती. खणांतले आकडे वीज आहे तोवरच टिकतात, आणि ती तीन अक्षरंही तसल्याच खणांत होती. अडॅप्टर तापायचा, मी त्याच्याखाली स्टीलची ताटली ठेवली. दादा त्याच हॉलमध्ये वारला, एका सकाळी, आम्ही दोघी शेजारी असताना. मशीन नव्हतं, त्यामुळे कुठे काही वाजलं नाही. दिवसकार्य झालं, पाहुणे आले, गेले. लाल दिवा चालूच होता.

मग एका दुपारी बिल्डिंगचे लाईट गेले. पाचेक मिनिटंच गेले असतील. आले तेव्हा मी धावत जाऊन टीव्ही लावला. पडद्यावर डब्याचा मेनू होता. कोड घालायच्या रिकाम्या ओळी, आणि पहिल्या ओळीवर लुकलुकणारी खूण. वेळेचा कोड मला अजून पाठ आहे. पॅड घेऊन मी तशीच बसून राहिले.

आतून आई म्हणाली, "लाईट आले ना? मग पंखा लाव गं, केवढं उकडतंय."

मी पॅड ठेवलं आणि पंखा लावला.