कुडाळ ते पेडणे, चार स्टेशनं

आई गेल्यावर धाकट्या बहिणीचं बाळंतपण कणकवलीला, तिच्या सासरीच झालं. दोन महिन्यांच्या लेकीला घेऊन ती पॅसेंजरने कारवारला, नवऱ्याच्या नोकरीच्या गावी निघाली होती. आमच्या घरच्या कुणीही बाळ पाहिलं नव्हतं. मी पेडण्याजवळच्या तुयेच्या कारखान्यात पॅकिंगला. पेडणे स्टेशनवर जाऊन बाळ बघून यायला सुपरवायझरने तासाभराचा गेटपास दिला, तोही उपकार केल्यासारखा.

बारा वाजून पाच मिनिटांनी फोन आला. "ताई, कुडाळ सुटलं."

मी हेल्मेट उचललंच. सावंतवाडी आणि पेडणे, दोनच तर स्टेशनं. वीस मिनिटांत गाडी येणार, तेवढाच वेळ मला स्कूटरवरून लागणार.

मशीनवरचे काका मूळचे कुडाळचे. दर शनिवारी याच मार्गाने घरी जातात. ते म्हणाले, "बस गो. दोन खंयची? चार रवली. झाराप, सावंतवाडी, मडुरा, मगे पेडणें. तू एक्सप्रेसचे थांबे मोजतंस."

"मग किती वेळ?"

"टेशनां धा-धा किलोमीटरार. थांबो धरून अकरा मिनटां एकेकाक. पाऊण तास झालो. आत्ताच गेलंस तर पासाचो तास टेशनारच सरतलो."

खरंच होतं. तेव्हाच निघाले असते, तर गाडी यायच्या आधीच मला परत फिरावं लागलं असतं. फोनवरचं ॲप अजून गाडी कुडाळलाच दाखवत होतं. मग बसून राहिले. मला बसून राहणं जमत नाही, हे सगळ्या कारखान्याला ठाऊक आहे.

साडेबाराला बहीण म्हणाली, "सावंतवाडी सुटलं. समोरची गाडी अजून भेटली नाही."

काकांनी बोटं मोजली. "दोन रवली, बावीस मिनटां. रूळ एकच, एक गाडी टेशनार थांबतली तेव्हाच दुसरी जातली. समोरची मडुऱ्याक भेटली तर तुमची उशिरा येतली. नाय भेटली तर पेडण्याक उबी रवतली. आता पळ."

मी बारा पन्नासला फलाटावर पोचले. तीन मिनिटांनी गाडी आली, आणि बहीण दारातूनच हसत म्हणाली, "मडुऱ्याहून लगेच सुटलो."

म्हणजे क्रॉसिंग इथेच, समोरची येईपर्यंत ही गाडी हलणार नव्हती. मी सरळ डब्यात चढले. बहिणीने लेक माझ्या मांडीवर ठेवली. काजळाची तीट माझ्या गणवेशाला पुसली गेली, पोरीने तोंडभर जांभई दिली आणि मला इतका आनंद झाला की मी समोरच्या अनोळखी बाईलाच म्हटलं, "बघा, बघा."

"ताई, नाक बघ," बहीण म्हणाली.

आईचंच होतं, शेंड्याला जरा चपटं. आम्ही दोघी हसलो, मग रडलो, परत हसलो.

दहा मिनिटांनी समोरची गाडी धडधडत आली. आयुष्यात पहिल्यांदाच एखादी गाडी वेळेवर आल्याचा मला राग आला.