काल काय खाल्लं

शिंपीकाकांनी उभ्या हयातीत हजारो लोकांची मापं घेतली, पण त्यांचं माप घ्यायला कुणी घरी येईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. तेही छातीकमरेचं नाही, जेवणाचं! आहारशास्त्र शिकणारी एक मुलगी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या खाण्यावर प्रबंध लिहीत होती. पिशवीतून तिने वाट्या, चमचे आणि कागद काढले, तेव्हा काकांनी खुर्चीवरचे कपडे घाईघाईने पलंगाखाली सारले.

"काका, दोन पद्धती आहेत. कुठली वापरायची ते ठरवायचंय, म्हणून आधी थोड्या लोकांवर दोन्ही करून बघतेय," ती म्हणाली.

पहिली होती लांबलचक प्रश्नावली. गेल्या महिन्यात पालेभाजी किती वेळा? डाळ? दूध? फळं? रोज, आठवड्यातून दोनतीनदा, की कधीच नाही? काकांनी धडाधड उत्तरं दिली. पालेभाजी रोज, डाळ रोज, फळं एक दिवसाआड. ऐकणाऱ्याला वाटावं, माणूस काय चैनीत राहतोय!

मग दुसरी. "काल सकाळी उठल्यापासून आज उठेपर्यंत काय काय खाल्लं?" तिने आधी नुसती यादी घेतली. मग एकेक गोष्ट खोदून विचारली. चहात साखर किती चमचे? भात या वाटीने की त्या? मधे काही तोंडात टाकलंत? काका आठवत गेले. चहा, बिस्किटं. दुपारी भात आणि लोणचं. पुन्हा चहा. रात्री उरलेला भात. यादी कधीच संपली होती, तरी ती विचारतच होती, आणि काकांना ते फार बरं वाटत होतं. मुलगा दर रविवारी फोन करायचा. "बाबा, जेवलात ना?" "हो," काका म्हणायचे, आणि विषय संपायचा. काय जेवलात, हे विचारणारी बायको गेली, त्याला आता वर्ष होऊन गेलं होतं.

चार दिवसांनी मुलगी परत आली. तोंड उतरलेलं.

"तुमचे दोन्ही कागद जुळतच नाहीत. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणतात, एका दिवसावरून माणसाचं नेहमीचं खाणं कळत नाही. कदाचित त्या दिवशीच भाजी नसेल. त्यांना प्रश्नावलीच बरी वाटते. एका बैठकीत काम होतं."

"आणि ती दुसरी?"

"ती घेतली तर प्रत्येकाकडे तीनदा जावं लागेल. वेगवेगळ्या दिवशी, न कळवता. त्यातला एक दिवस सुट्टीचा."

तीनदा! काकांच्या मनात ते रुतून बसलं. पण त्यासाठी खरं सांगावं लागणार होतं, आणि काकांचा स्वभाव असा, की शर्टाचं बटण तुटलं तरी दार उघडायचे नाहीत.

"तो पहिला कागद खोटा आहे," ते शेवटी म्हणाले. "म्हणजे मुद्दाम नाही हो. तू 'नेहमी' म्हणालीस ना, तर मी आमची ही असतानाचं सांगितलं. आता मी भाजी आणतच नाही. एकट्यासाठी काय चिरत बसायचं?"

मुलीने लगेच कागद पुढे ओढला. भराभर लिहायला लागली. एकट्या पडलेल्या माणसाचं 'नेहमी' मागेच राहून गेलेलं असू शकतं, हे मॅडमना दाखवायलाच हवं, म्हणाली. जाताना ती खुशीत होती. काकांचाही जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवसापासून काका बाजारात जायला लागले. न कळवता येणार म्हणजे केव्हाही येईल. पहिल्यांदा पालेभाजी करपली, डाळीत मीठ घालायचं राहिलं. पण ते नीट बसून जेवले, आणि किती वाट्या झाल्या ते लक्षात ठेवलं.

आठवड्याने ती आली. हातात पिशवी नव्हती.

"काका, मॅडमनी मान्य केलं! तीन दिवसांचीच पद्धत घेतली. तुमच्यामुळे आणि अजून दोन आजींमुळे. त्यांचंही अगदी असंच निघालं."

"मग बस ना," काका खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "विचार."

मुलीचा चेहरा पडला. "नाही काका. ज्यांच्यावर आधी करून बघितलं, त्यांना खऱ्या अभ्यासात घेत नाहीत. मी फक्त आभार मानायला आले."

"बरोबर आहे," काका लगेच म्हणाले. "कच्च्या शिलाईचा दोरा काढूनच टाकतात."

चहा नको म्हणून ती निघाली. आज तिला तीन घरं करायची होती. जिन्यात तिची पावलं ऐकू येईनाशी झाली, तरी काका दाराशीच उभे होते. काल त्यांनी दीड वाटी डाळ खाल्ली होती, एक वाटी पालेभाजी, आणि जेवल्यावर एक केळं. भाजी या वेळी करपली नव्हती. तेवढंच सांगायचं होतं.