बाबांचा दीड पानी बायोडाटा

बाबांनी बायोडाटा लिहिला होता सात पानांचा, फुलस्केपवर, शाईच्या पेनाने. सुरुवात जन्मतारीख आणि वडिलांच्या नावापासून. मी तेव्हा मुंबईत नोकरभरतीच्या एका कंपनीत होते, असले कागद रोज चाळायचे. साहजिकच घरात माझा शब्द शेवटचा.

बाबा मुंबईच्या एका कापड गिरणीत डाइंग मास्टर होते, म्हणजे कापड रंगवण्याच्या खात्याचे प्रमुख. निवृत्त झाले आणि वसईतल्या माणिकपूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये तोच पेपर दुसऱ्यांदा वाचत बसू लागले. पेन्शनवर आमचं भागत होतं. त्यांना हवं होतं ते एवढंच, की आठवड्यातून दोन दिवस कुणीतरी त्यांना काहीतरी विचारावं. वसई पूर्वेला कापड रंगवणारे लहान कारखाने होते, तिथे सल्लागार म्हणून जायची त्यांची इच्छा होती.

मी लाल पेन घेऊन बसले. जन्मतारीख गेली. पदवीचं साल गेलं. ‘निवृत्त’ हा शब्द गेला, त्या जागी ‘सल्लागार, आठवड्यातून दोन दिवस’ असं आलं. शेवटची आठ वर्षं वर घेतली, कारण त्यात कापड रंगवायची नवी, महागडी जेट मशीन होती, कॉम्प्युटरवर रंग जुळवणं होतं. त्याआधीची तेवीस वर्षं दोन ओळींत गुंडाळली. त्यातली बहुतेक जिगरवर गेली होती. जिगर म्हणजे दोन रुळांमधून कापड रंगात पुन्हा पुन्हा मागेपुढे फिरवणारं जुनं मशीन. कापडाच्या दोन टोकांच्या रंगात फरक पडू नये म्हणून काय करायचं, यावर बाबांनी अर्धं पान लिहिलं होतं.

“बाबा, हा बायोडाटा आहे की पाककृती?” मी म्हटलं.

ते हसले. “तेवढं राहू दे की गं.”

“जिगरचं नाव काढलंत की वय कळतं. आणि मुलाखतीत ‘आमच्या वेळी’ हे दोन शब्द अजिबात नकोत.”

“बरं,” म्हणाले. स्टेशनजवळच्या डीटीपीवाल्याकडून दीड पान टाइप करून आणलं. छान दिसत होतं. मला माझाच अभिमान वाटला, हे आता लिहितानाही लाज वाटते.

महिन्याभराने एका कारखान्यातून बोलावणं आलं. मी अर्धी रजा टाकून बरोबर गेले आणि ऑफिसबाहेरच्या बाकावर बसले. पंधरा मिनिटांत बाबा बाहेर आले. आम्ही रिक्षात बसलो.

“मालक तरुण आहे, भला आहे,” बाबा म्हणाले. “जेट मशीन परवडत नाही म्हणाला. बंद पडलेल्या गिरणीतून आठ जिगर आणल्यात त्याने. आमच्याच गिरणीतल्या. मी पाहिल्या. चालवणारं कुणी मिळत नाही. मला म्हणाला, तुम्ही तर नव्या मशीनचे, तुमच्या माहितीत कुणी जुना माणूस आहे का?”

“मग? तुम्ही काय सांगितलंत?”

“माझ्या हाताखाली एक मदतनीस होता, त्याचं नाव दिलं. तो बेकारच होता.”

“स्वतःचं का नाही सांगितलंत?” मी जवळजवळ ओरडले. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं.

“तू नको म्हणाली होतीस ना,” बाबा म्हणाले. रागाने नाही. तो त्यांचा साधा हिशोब होता. पोरीला यातलं कळतं, पोरीने सांगितलंय.

मी म्हटलं, उद्या फोन करू, नवा बायोडाटा देऊ. ते म्हणाले, त्या माणसाच्या तोंडचा घास आता काढायचा का? त्यानंतर त्यांनी कुठेही अर्ज केला नाही.

तो मदतनीस कामावर लागला आणि अडला की सकाळी घरी फोन करू लागला. बाबा उभ्यानेच बोलायचे, ताठ, जणू खात्यात उभे आहेत. फोन ठेवला की पुन्हा पेपर. वर्षभर हे चाललं. दुसऱ्या वर्षी बाबा झोपेतच गेले.

तेराव्याला दोन दिवस असताना फोन वाजला. तो मदतनीस गावी गेलेला, त्या दिवशीच कामावर परतला होता; त्याला काहीच कळलं नव्हतं.

“ताई, साहेबांना द्या ना जरा. ताग्याचं एक टोक गडद येतंय, दुसरं फिकं.”

मला सांगता आलं असतं की बाबा गेले. ते नंतर सांगितलंच. पण आधी तोंडातून निघालं ते वेगळंच. “रंग एकदम टाकू नका. अर्धा पहिल्या फेरीत, अर्धा दुसऱ्या फेरीत.”

त्याने ते तिथल्या कुणाला तरी ओरडून सांगितलं. मग म्हणाला, “अगदी साहेबांसारखं सांगितलंत. कुठं लिहून ठेवलंय का त्यांनी?”

“ठेवलं होतं,” मी म्हटलं. “मी खोडलं.”