धर्मेशच्या बसचा वेग

पंढरीकाकांचा कोणावरच विश्वास नाही. बर्फाच्या लादीवर नाही, तराजूवर नाही, चहात खरंच आलं घातलंय यावरही नाही. दातिवऱ्याला तीस वर्षं होडी चालवून गुडघे गेले, तेव्हा ते माझ्या बोईसरच्या दुकानात कामाला आले. आम्ही गाड्यांना कॅमेरे बसवतो. वायर मी जोडली तरी काका ती ओढून बघणारच. माझे वडील पॉवर प्लांटमध्ये होते, मी इंजिनिअर आहे, पण काकांच्या लेखी मी कच्चा. याचा मला मनापासून राग येतो.

गेल्या महिन्यात निमेश ठेकेदाराने व्हॉट्सॅपवर एक व्हिडिओ पाठवला. कारखान्याच्या कामगारांना नेणारी त्याची बस सकाळी पालघर रस्त्यावर राहीबाईंच्या सायकलला धडकली होती. बाईंचा पाय मोडला. बसला चाळीसची मर्यादा होती. वेग चाळीसच्या आत निघाला तर चूक बाईंची, त्या अचानक आडव्या आल्या. वर निघाला तर ड्रायव्हर घरी. आणि ड्रायव्हर होता धर्मेश, काकांच्या मुलीचा, वैभवीचा नवरा.

बसच्या कॅमेऱ्यात जीपीएस होतं, त्यातून वेग काढून द्या, असं निमेशचं म्हणणं होतं. पडद्यावर वेग छापायचं सेटिंग बंद असलं तरी तो व्हिडिओच्या फाइलमध्ये आत साठत जातो. मी तपासलं, तर आत काहीच नाही.

"कोणीतरी पुसलंय," काका लगेच म्हणाले.

"पुसलं नाही हो. व्हॉट्सॅप व्हिडिओ बारीक करतं, त्यात हे आतलं सगळं गळून जातं. मूळ कार्ड लागेल."

निमेश कार्ड घेऊन आला. सोबत धर्मेशही होता, दाढी वाढलेली, डोळे खाली. मी कार्डवरून मूळ फाइल घेतली, प्रोग्रॅम चालवला आणि दर सेकंदाची ओळ वेगळ्या फाइलमध्ये काढली. वेळ, अक्षांश, रेखांश, वेग, दिशा. रकान्यांना शीर्षकं नव्हती, ती मी टाकली.

"धडक सातचाळीसला झाली ना? इथं दोन दहा दिसतंय," काका खुर्चीमागून म्हणाले. "कायतरी गडबड हाय."

"ती जागतिक वेळ आहे काका, साडेपाच तास मिळवायचे." मी जरा जोरातच म्हणालो. निमेश हसला. मलाही बरं वाटलं.

मग धडकेआधीची ओळ सापडली. वेग तेहेतीस पूर्णांक नऊ.

"चाळीसच्या आत!" निमेशने धर्मेशच्या पाठीवर थाप मारली. "बाईच आडवी आली, मी म्हणतच होतो. दर्पण, प्रिंट काढ."

धर्मेशने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, काका आता तरी हसतील. ते मात्र आणखी वाकून पडद्याकडे बघत राहिले.

"ह्या मिनिटाला गाडी कुठं होती? आन त्याच्या मिनिटभर आधी?"

"काका, आता काय उरलंय?" मी वैतागलो.

"आपल्याच बाजूचा आकडा निघालाय. तो आधी तपासायचा."

मी चरफडत नकाशावर दोन्ही ठिकाणं टाकली. सरळ रस्ता, मध्ये थांबणं नाही, वेगही सगळ्या ओळींत चौतीसच्या आसपास. दोन ठिकाणांतलं अंतर निघालं एक किलोमीटरपेक्षा थोडं जास्त.

"मिनिटात किलोमीटर," काका म्हणाले. "मग तासात साठाच्या वर झाले नाय का?"

माझे कान तापले. वेगाच्या रकान्यावर 'किमी' मीच टाकलं होतं, न बघता.

"हे नॉट हाय, दर्पण. आमच्या होडीवरचं जीपीएस पन असंच लिवतं. एक नॉट म्हंजे तासाला पावनेदोन किलोमीटरपेक्षा जास्त."

मी गुणाकार केला. बासष्ट पूर्णांक आठ. मी तो आकडा मोठ्याने वाचला नाही, पण निमेशने वाचला आणि तो खुर्चीत मागे टेकला.

"पंढरीकाका, हे आपल्या चौघांतच आहे," तो हळूच म्हणाला. "कागदावर तेहेतीसच आहे की."

मी काकांकडे पाहिलं. खरं सांगतो, ते हो म्हणाले असते तर मी प्रिंट काढून दिला असता. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटत होतं आणि स्वतःची लाजही.

"बाबा, मला उशीर झाला होता," धर्मेश म्हणाला. "बाई मला दिसली होती. ती बाजूनंच चालली होती."

 काकांनी माझ्या हातातला माउस बाजूला सारला, एका बोटाने 'किमी' खोडून तिथे 'नॉट' लिहिलं, शेजारी किलोमीटरचा आकडा घालायला मला सांगितलं आणि प्रिंटचं बटण स्वतःच दाबलं. तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. वैभवी होती. फोन स्पीकरवर असतो, त्यांना कमी ऐकू येतं.

"बाबा, किती निघालं?"

काकांनी एकदा जावयाकडे पाहिलं.

"तरेसष्ट," ते म्हणाले. "बाय, मीच काढलं."

 तिने फोन ठेवला.