दोन वर्षं मागची तारीख

परळला एका चाळीच्या तळमजल्यावर माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, कोर्टाचे अर्ज, जे येईल ते टाइप करायचं. दुपारी तीन ते चार गिऱ्हाईक नसतं, म्हणून ती वेळ मी वरच्या मजल्यावरच्या काकांना देऊन टाकली होती. ते शिवडीच्या गोदामात माल मोजणारे, आता निवृत्त. हात थरथरायचा, पेन धरवत नसे. ते सांगायचे आणि मी टाइप करायचे. लेकीला पत्रं.

लेक कॅनडात. तिची आई गेल्या श्रावणात इथल्याच एका हॉस्पिटलात वारली. लेक तेव्हा तिकडून येऊन उशाशी होती आणि काका नव्हते. शेवटच्या दोन तासांत तिने त्यांना फोनवर फोन केले, त्यांनी एकही उचलला नाही. त्यानंतर बापलेक फोनवर बोलले की भांडणच व्हायचं. शेवटी ती म्हणाली, "बाबा, फोन नको. लिहा. मी वाचेन." तिनेच एक फोल्डर तयार करून माझ्या कॉम्प्युटरशी जोडून दिला. मी त्यात पत्राची पीडीएफ टाकायची, ती तिकडे तिच्या फोल्डरात दिसायची. व्हॉट्सअ‍ॅपवर नको, असं तिचंच म्हणणं. धीर झाला की वाचेन, म्हणाली.

पहिली तीन पत्रं व्यवस्थित गेली. लहानपण, गोदाम, लग्न. तिसरं पत्र बायकोच्या आजारापाशी येऊन थांबलं.

त्याच आठवड्यात माझं टायपिंगचं सॉफ्टवेअर बंद पडलं. लायसन्स संपलं होतं आणि ते विकणारी कंपनी केव्हाच गाशा गुंडाळून गेली होती. माझी वीस वर्षांची कामं त्याच्याच फॉन्टात अडकलेली. यावरचा उपाय आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे: कॉम्प्युटरची तारीख मागे न्यायची. मी आपोआप वेळ जुळवण्याची खूण काढली आणि थेट दोन वर्षं मागे गेले. सॉफ्टवेअर मुकाट्याने उघडलं. मला स्वतःचं कौतुकही वाटलं, हे आज लिहिताना लाज वाटते.

त्या कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडला की घड्याळ मागे असल्याची तक्रार यायची. मी तो उघडणंच सोडलं. गिऱ्हाइकांचा मजकूर मोबाइलवर यायचा, तो केबलने उतरवून घ्यायचे. नवी पीडीएफ फोल्डरात टाकली की तिच्याशेजारी दोन फिरणारे बाण दिसायचे, आणि त्यावर गेलं की 'पेंडिंग'. मी म्हटलं, नेट स्लो असेल. फाइल तर फोल्डरात डोळ्यांसमोर होती. मला वाटलं, फोल्डरात दिसतेय म्हणजे गेली. पेटीत पत्र टाकलं की आपण निश्चिंत होतो, तशी मी निश्चिंत झाले.

चौथं पत्र सांगायला काकांनी चार दुपारी घेतल्या. बायको गेली त्या संध्याकाळी ते हॉस्पिटलातच होते. जिन्याखाली, औषधांच्या खोक्यांशेजारी बसून होते. खिशात फोन वाजत होता, आणि उचलला तर ती गेली असं ऐकावं लागेल म्हणून त्यांनी तो उचलला नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची पोती मोजणारा माणूस, बायकोचे शेवटचे श्वास त्याला मोजवले नाहीत. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. टाइप करताना माझे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवसापासून ते दारात उभं राहूनच विचारायचे, "काय गो, वाचल्यान काय तिना?"

"पोचलंय काका. वाचेल की."

पाचवं गेलं, सहावं गेलं. गेलं म्हणजे माझ्या मते गेलं. तिकडून शब्द नाही. एकदा मी म्हटलं, "मी विचारू का तिला?" ते म्हणाले, "नको. भीक मागितल्यासारखं होईल." मलाही ते पटलं. मनातून मी त्या मुलीला दगड म्हणत होते. अकरा पत्रं झाली. बारावं अर्ध्या पानावर आलं तेव्हा ते उठले, म्हणाले, "एवढं पुरे. तिला नकोय." त्यानंतर ते दुकानात आले नाहीत. अंथरूण धरलं आणि दीड महिन्यात गेले.

दिवसकार्य आटोपल्यावर ती दुकानात आली. आईसारखीच ठेंगणी. मी तिला बसाही म्हटलं नाही, इतका राग होता मला. तिनेच बोलायला सुरुवात केली.

"ताई, तुम्ही तीन पत्रं टाइप करून दिलीत, त्याचे आभार मानायचे होते. पुढचं त्यांनी सांगितलंच नाही ना? मला वाटलंच होतं. घरीसुद्धा ते नेहमी आईच्या आजारापाशीच थांबायचे. रोज फोल्डर बघायचे मी. मग म्हटलं, जाऊ दे, नाही जमत त्यांना."

"अकरा आहेत," मी म्हटलं. "बारावं अर्धं आहे."

मी फोल्डर उघडला. पहिल्या तीन पीडीएफशेजारी हिरवी खूण, पुढच्या आठही पीडीएफशेजारी फिरणारे बाण. ती कॉम्प्युटरवरच काम करणारी, तिची नजर आधी खालच्या कोपऱ्यात गेली.

"ही तारीख अशी का?"

"मुद्दाम ठेवलीये. नाहीतर सॉफ्टवेअर उघडत नाही."

तिने ती तारीख पुन्हा एकदा वाचली. मग हळू आवाजात, जणू माझ्यावर चिडायचं नाही असं ठरवून बोलावं तसं म्हणाली, "फाइली जिथे जातात तो तिकडचा सर्व्हर आधी आपलं ओळखपत्र दाखवतो, ताई. त्यावर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. तुमच्या कॉम्प्युटरच्या हिशेबाने ते ओळखपत्र अजून सुरूच झालेलं नाही. म्हणून तुमचा कॉम्प्युटर त्या सर्व्हरशी बोलतच नाही. नुसता थांबून राहतो."

तिने आपोआप वेळेची खूण परत केली, फाइली तिकडे पाठवणारा सिंकचा प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू केला. एकेक बाण जाऊन हिरवी खूण आली. आठ पत्रांना दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. काका वरच्या खोलीत पडून होते तेव्हा मी हे कधीही करू शकले असते.

चौथं पत्र तिने तिथेच, माझ्या स्टुलावर बसून वाचलं. वाचून झाल्यावर फाइलशेजारच्या तारखेवर बोट ठेवलं. पत्र गेलं होतं, पण सोबत माझी खोटी तारीख घेऊन.

"या दिवशी आई घरात भाकऱ्या करत होती," ती म्हणाली, आणि मग रडली.

मी पाणी दिलं. दुसरं काय देणार होते?

बारावं पत्र तिला हवंच होतं. ते अर्धं असल्यामुळे मी त्याची पीडीएफ केलीच नव्हती, ते त्या सॉफ्टवेअरमध्येच होतं. आणि तारीख बरोबर झाल्यावर सॉफ्टवेअर उघडेना. तेव्हा तिनेच, स्वतःच्या हाताने, घड्याळ पुन्हा दोन वर्षं मागे नेलं.

पानावर सात ओळी होत्या. शेवटच्या दोन मला पाठ आहेत: 'बाकीचं तू विचारलंस तर सांगेन. नाही विचारलंस तर तुला नको आहे असं समजेन.'

"ते विचारायचे का, मी वाचलं का म्हणून?"

"रोज."

"मग तुम्ही काय सांगायचात?"

"पोचलं म्हणून सांगायचे," मी म्हटलं.