पालकांच्या एका प्रश्नाला मी दिलेली दोन उत्तरं

अमरावतीच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर कॉम्प्युटर शिकवतो. म्हणजे जितके तास घेतले तितकंच मानधन, आणि तेही येईल तेव्हा. गेल्या वर्षी प्राचार्यांनी पालकांसाठी निघणाऱ्या पत्रिकेत प्रश्नोत्तरं लिहायला सांगितली. प्रश्न होता, कॉलेजात शिकणारं मूल फ्रीलान्सिंगमधून, म्हणजे नोकरी न धरता सुटी कामं घेऊन, खरंच कमावू शकतं का?

हा विषय निघाला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षातल्या एका मुलीमुळे. तिचे आई-वडील तेल्हाऱ्याकडे भाजीपाला पिकवतात आणि अकोल्याच्या बाजारात आणून विकतात. ती इथे होस्टेलवर राहून एका वेबसाइटवरून परदेशातल्या लोकांना प्रेझेंटेशनच्या स्लाइड्स करून द्यायची. प्राचार्य म्हणाले, "तिच्याशी बोलून लिहा."

मी बोललो. तिनं साधेपणानं महिन्याची कमाई सांगितली. ती माझ्या मानधनापेक्षा जास्त होती.

स्लाइड्स करायला तिला मीच शिकवलं होतं. तीन वर्षांपूर्वी त्याच वेबसाइटवर मीही खातं उघडलं होतं. कामासाठी कितीतरी अर्ज टाकले, तेव्हा कुठे एक काम मिळालं. त्या गिऱ्हाइकानं पाचपैकी दोन तारे दिले, म्हणून मी ते खातं पुन्हा वापरलंच नाही. हे घरी बायकोलाही सांगितलं नव्हतं. ती मुलगी समोर बसून बोलत होती आणि मी तिचा आकडा वहीत टिपलाच नाही.

उत्तरात मी लिहिलं, "भरीव कमाई होत नाही. फार तर चहापाण्याचे पैसे सुटतात. अभ्यास मात्र बुडतो." तिचा उल्लेखही केला नाही. छापून आल्यावर दोनदा वाचलं आणि बरं वाटलं.

आठ-दहा दिवसांनी तिचे वडील स्टाफरूमच्या दाराशी आले. हातात पत्रिकेची घडी होती.

"सर, हे तुमीच लिवलं ना?"

"हो. बसा भाऊ."

ते बसले. "पोरीचे पैसे पाहून मले भेवच वाटे. इतके कोन देते, काहून देते? मग हे वाचलं. म्हटलं सर खोटं कायले लिहितीन. तिले काम बंद कराले लावलं. आता ती बोलून नाई राहिली माह्याशी. म्हनून इचाराले आलो. तिचं काई चुकून राहिलं काय?"

मला त्यांच्याकडे बघवेना. 'नाहीच जमत पोरांना' एवढं म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. आणि तसं म्हणावंसं मला वाटलंही.

"भाऊ, तिचं नाही, माझं चुकलं," मी म्हणालो. "मी अर्धंच लिहिलं."

"अर्धं काहून?"

"ती माझ्यापेक्षा जास्त कमावते म्हणून."

त्यांनी पत्रिकेची घडी टेबलावर ठेवली. मग विचारलं, "मंग पुरं काय हाये?"

मी सांगितलं. कमाई होते, पण सगळ्यांची नाही, आणि पहिले काही महिने जवळपास काहीच नाही. आधी हातात एक कसब पक्कं लागतं. वेबसाइट आपला वाटा कापून घेते. एखाद्या महिन्यात गिऱ्हाईक सुटलं की हात रिकामे. काम देण्याआधी जो पैसे मागतो तो ठग. पैसे बँकेतच घ्यावेत, बिलं जपावीत, कमाई वाढली की आयकराचं विवरण भरावं. परीक्षेच्या दिवसांत काम घेऊ नये, आणि तसं गिऱ्हाइकाला आधीच कळवावं. डिग्री सोडू नये.

"ती सोडतो म्हनते काय?"

"नाही. मी विचारलं होतं."

त्यांनी तिथूनच तिला फोन लावला. "सर म्हनते, कर," एवढंच बोलले आणि फोन ठेवला. जाताना मला नमस्कार केला. तो घ्यायला मला जड गेलं.

पुढच्या अंकात मी उत्तर नव्यानं लिहिलं आणि आधीचं अर्धवट होतं हेही लिहिलं. पण मधल्या दिवसांत तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं होतं, ते परत आलं नाही. मी तिची माफी मागितली आणि माझ्या जुन्या खात्याचंही सांगितलं.

ती म्हणाली, "सर, तुमचं ते जुनं खातं मले दाखवता का? तुमी अर्जात काय लिहित होते ते पाहू."

मी दाखवलं. तिनं वाचलं. "यात तुमी किती वर्षांपासून शिकवता तेच लिहिलंय. गिऱ्हाइकाचं काम कसं करसान ते कुठंच नाही."

ती बरोबर होती, आणि तेही मला सहन झालं नाही. शेवटचं वर्ष ती चांगल्या गुणांनी पास झाली, हळूहळू नवी गिऱ्हाइकंही मिळाली. निकालाच्या दिवशी मी तिला पेढा दिला, हसलो. मनात जे होतं ते अजून तसंच होतं, फक्त आता त्याचं नाव मला ठाऊक होतं, हेवा.