पाचवा डबा

हे लिहायचंच नव्हतं. दोनदा टाइप केलं, दोनदा उडवलं. कॉलेजच्या अंकासाठी ‘आपल्या गावातलं माणूस’ असा विषय दिलाय, आणि माझी मैत्रीण शालू म्हणली कुणावर पण लिही, पानटपरीवाल्यावर लिही. पण डोळ्यासमोर एकच माणूस येऊन राह्यलं, मंग म्हणलं लिहून टाकू एकदाच. चुका झाल्या तर झाल्या.

जाफराबादला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत सालेहा आपांचं झेरॉक्सचं दुकान आहे. एक मशीन, एक जुना कॉम्प्युटर, एक लाकडी बाकडं. शेजारी भिवा काकांची शिलाई मशीन. आपांचं वय बेचाळीस. घरी फक्त त्या आणि त्यांची आई, अनवरी बी, जी तीन वर्षांपासून अंथरुणावर होती. आपा रोज चार वाजता दुकान सोडून आईला औषध द्यायला घरी जायच्या आणि तासाभरानं परत यायच्या.

मी धावडा गावची. इथल्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते तेव्हा एका भरतीचा फॉर्म भरायला गेल्ते. आपांनी झेरॉक्स काढली, कागद माझ्यासमोर धरला आणि सोडलाच न्हाई.

“शब्द सांग, मंग कागद.”

“कोणता शब्द?”

“कान. कुठून आला?”

मला वाटलं बाई येडी आहे. मी म्हणले, “कान कुठून येणार, जन्मल्यापासून आहे.”

भिवा काका पलीकडून हसले. “आपा, ही पास होणार बघा.”

त्यांच्याकडं असंच होतं. कुणीही पोरगा-पोरगी कागद न्यायला आली की एक शब्द. आला तर ठीक, न्हाई आला तर आपा समजावून सांगायच्या, मंगच कागद सोडायच्या. त्यांनी स्वतः पंधरा वर्षं भरतीच्या परीक्षा दिल्या. कधी दोन मार्कानं, कधी चार मार्कानं राह्यल्या. पण मराठी व्याकरणात त्यांचा प्रश्न चुकायचा न्हाई.

टेबलाखाली त्यांचे बिस्किटांचे पाच डबे होते. खराब झालेल्या झेरॉक्सच्या मागच्या कोऱ्या बाजूचे तुकडे कापायचे, एकेका तुकड्यावर एकेक शब्द लिहायचा, आणि डब्यात टाकायचा. पहिला डबा तत्सम. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला. कर्ण, हस्त, दुग्ध, ग्राम. दुसरा तद्भव. तोच शब्द, पण चालता चालता रूप बदललेला. कान, हात, दूध, गाव. तिसरा देशी. दगड, बोका, गुडघा. चौथा परभाषी. अर्ज अरबी, पगार पोर्तुगीज, पिशवी कानडी.

आणि पाचव्या डब्यावर लिहिलेलं, ‘माहीत न्हाई’.

“परीक्षेत पाचवा पर्याय कुठं असतो आपा?” मी एकदा विचारलं.

“असतो की. गोळा कोरा सोडायचा. चुकीचे मार्क कापतात तिथं हाच डबा कामाला येतो.” मंग त्यांनी पाचव्या डब्यातून ‘घोडा’ काढून दाखवला. “हे बघ. एका पुस्तकात देशी दिलाय. दुसऱ्यात म्हणतात संस्कृतातल्या घोटकपासून आला, म्हणजे तद्भव. मी कोण ठरवणारी? राहू दे इथंच.”

मी जोडाक्षर दिसलं की तत्सम म्हणून मोकळी व्हायचे. त्या म्हणायच्या, “हा अंदाज आहे पोरी, कायदा न्हाई. जलमध्ये कुठं जोडाक्षर आहे, तरी तो तत्सम. आणि बंदोबस्तमध्ये आहे, तो फारसी आहे. आधी संस्कृतातलं रूप आठवतं का बघ. सारखं असलं तर तत्सम, बदललं असलं तर तद्भव. न्हाई आठवलं तर दुसऱ्या भाषेत शोध. कुठंच माग न्हाई लागला, तर देशी. देशी म्हणजे ‘आपलं’ असं न्हाई. देशी म्हणजे ज्याचा माग लागत न्हाई.”

हे वाक्य त्यांनी मला किती वेळा सांगितलं असेल.

एकदा एक पोरगा मित्राला म्हणला, “उर्दूवाली बाई आता आपल्याला मराठी शिकवून राह्यली.” आपांनी ऐकलं. शांतपणे म्हणल्या, “तुझा अर्ज, तुझा वकील, तुझा जबाब, सगळे आमच्या घरावरूनच आले बाबा. पाहुणे म्हणून आले आन् तुमच्याकडंच राह्यले. मी फक्त त्यांची चौकशी करते.” पोरगा झेरॉक्स घेऊन गेला, पण परत आला न्हाई. कुणीच फारसं येईना नंतर. फॉर्म मोबाईलवर भरायला लागले सगळे. दुपारी मी गेले तर आपा एकट्याच चिठ्ठ्या लावत बसलेल्या असायच्या. मला बघितलं की बाकडं पुसायच्या. बाकडं आधीच पुसलेलं असायचं.

मागच्या वर्षी जिल्ह्यातल्या एका संस्थेची लिपिकाची भरती निघाली. जागा तीन. वयाच्या अटीत आपांचा हा शेवटचा फॉर्म होता, पुढच्या वर्षी त्या बाहेर. त्या म्हणल्या, “ह्यात न्हाई झालं तर मंग संपलं. मंग मी फक्त झेरॉक्सवाली.” मी पण भरला. आम्ही दोघी एकाच बसनं जालन्याला गेलो, एका डब्यात जेवलो.

पेपरात प्रश्न होता, खालीलपैकी देशी शब्द ओळखा. दुग्ध, भाकरी, दगड, कागद. मी घाईत भाकरीचा गोळा काळा केला. भाकरीपेक्षा आपलं काय असतं? आमच्या घरी तिन्ही टाइम भाकरी. बाहेर आल्यावर आपांना सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. “भाकरी कानडी. चौथा डबा. किती वेळा दाखवला तुला.”

आठ दिवसांनी पहिली उत्तरतालिका आली. त्यात त्या प्रश्नाचं उत्तर भाकरी दिलेलं. म्हणजे पेपर काढणाऱ्यानं पण माझ्यासारखाच विचार केल्ता.

तालिकेप्रमाणं आपांना एकाहत्तर. मला एकोणसत्तर. आणि माझ्या एकोणसत्तरमधला एक मार्क त्या भाकरीचा.

चुकीच्या उत्तरावर हरकत घेता येत होती. मेलनं पाठवायची, सोबत व्याकरणाच्या पुस्तकाचं पान पुरावा म्हणून जोडायचं. मुदत शुक्रवारी पाच वाजेपर्यंत. आपांनी पान शोधून खूण करून ठेवलेलं. शुक्रवारी दुपारी मी दुकानात होते. चार वाजता त्यांनी चप्पल घातली.

“तृप्ती, तुझा हात जल्दी चालतो. पान स्कॅन कर, चार ओळी लिही आणि पाठवून दे. अम्मीला औषध देऊन येते.”

“हो आपा.”

“बराबर लिही. दगड देशी, भाकरी कानडी. एकाहत्तरचे बाहत्तर झाले तर काही सांगता येत न्हाई.”

त्या गेल्या. मी दहा मिनिटांत टाइप केलं. पान जोडलं. आणि मंग बसून राह्यले.

काय विचार केला ते खरं सांगते. हरकत मान्य झाली की त्यांचा एक वाढणार आणि माझा एक जाणार. एवढंच. एका मार्कासाठी. पाठवण्याच्या बटणावर बाण ठेवून मी बसले. भिवा काकांची मशीन पलीकडं टकटक चालू होती. एक माणूस आधार कार्डाची झेरॉक्स काढून गेला. पाचला दोन कमी होते ते मी बघितलं. पाच वाजले ते पण बघितलं.

मंग एकदम मी बटण दाबलं. पाच वाजून बारा मिनिटं झाल्ती.

आपा आल्या. “गेलं?”

“गेलं.”

सोमवारी दुकानाच्या मेलवर उत्तर आलं. मुदतीनंतर आलेली हरकत विचारात घेता येणार नाही. आपांनी ते दोनदा वाचलं. माझ्याकडं न बघता विचारलं, “पाच-बारा लिहिलंय. लाईट गेल्ती का त्या दिवशी?”

त्यांनी मला सुटायला दार उघडून दिल्तं. मी म्हणले, “हो आपा. लाईट गेल्ती.”

शेजारून भिवा काका म्हणले, “शुक्रवारी? शुक्रवारी कुठं गेल्ती? मी लग्नाचे चार ब्लाउज शिवले की मशीनवर.”

भिवा काकांना पण कळलं असावं, त्यांनी उगाच दोरा ओवायला घेतला.

आपा उठल्या, कॉम्प्युटर बंद केला. म्हणल्या, “अम्मीची वेळ झाली.” तेव्हा तीन पण वाजले नव्हते.

शेवटची यादी लागली. तिसऱ्या नंबरला बाहत्तर मार्क होते. बरोबरी झाली तर वयानं मोठ्याला आधी घेतात, हे अटीत पहिल्याच पानावर लिहिलेलं. म्हणजे तो एक मार्क मिळाला असता तर जागा आपांची होती, शेवटचं वर्ष म्हणजे वयानं त्याच मोठ्या. माझा नंबर अकरावा. मी तो मार्क धरून ठेवून काय केलं, मलाच माहीत न्हाई.

नंतर एकदा हिंमत करून गेले. मार्कशीटची झेरॉक्स पाहिजे होती, खरं म्हणजे नव्हतीच पाहिजे. आपांनी काढली. मी कागद पकडला आणि थांबले. शब्द विचारतील म्हणून. कर्ण विचारा, कान विचारा, कायपण विचारा.

त्यांनी कागद सोडून दिला.

“झालं ना? सुट्टे आहेत का?”

बस. तेव्हापासून मी त्या गल्लीनं जात न्हाई. कॉलेजला पण तहसीलकडून वळसा घालून येते.

थंडीत अनवरी बी गेल्या. मला शालूकडून कळलं. शालू म्हणली, आपा आता चार वाजता घरी जात न्हाईत. दुकानातच बसतात अंधार पडेपर्यंत. डबे टेबलावर काढून ठेवलेले असतात, चिठ्ठ्या एका डब्यातून दुसऱ्यात करत असतात. कुणाला शब्द विचारत न्हाईत, कारण विचारायला कुणी येतच न्हाई.

हे सगळं अंकाला द्यायच्या आधी मी आपांनाच पाठवलं. काल सकाळी, व्हॉट्सॲपवर. पाच-बाराचं, लाईटचं, सगळं. दोन्ही खुणा निळ्या झाल्या, म्हणजे वाचलं. उत्तर आलेलं न्हाई. ते येईल का न्हाई, हे पाचव्या डब्यातलं आहे.

मी जाणार आहे. कधी ते विचारू नका. पण तुमच्यापैकी जे तलाठी, पोलिस, कशाकशाची तयारी करून राह्यलेत, पाचशे रुपये देऊन नोट्स आणून देशी-तद्भव पाठ करून राह्यलेत, त्यांनी ह्या आठवड्यातच बसस्टँडमागं जा. फॉर्म मोबाईलवर भरायचा असला तरी झेरॉक्सला एक कागद घेऊन जा. आपांनी तो सोडला तर लगेच उचलू नका. तुम्हीच म्हणा, आपा, शब्द विचारा. आणि चार वाजता गेलात तर बरं होईल, त्या वेळेला त्यांना कुठं जायचं नसतं आता.